चर्र, खडखड, टक्: नवशिक्यांसाठी फराळ-पॅकिंगची रील

ही मार्गदर्शिका कोणासाठी

दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी ज्या घरात चकलीचा सोऱ्या माळ्यावरून खाली उतरतो, त्या घरासाठी. तुम्ही फराळाच्या ऑर्डरी घेता, चव चांगली आहे, भाव वाजवी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी ताटाचा फोटो टाकता, त्यावर चार नमस्कार येतात आणि ऑर्डर मात्र शेजारच्या इमारतीत जाते. मग घरातलं कॉलेजात जाणारं कार्टं मान वर न करता सांगतं, ‘फोटो कोण बघतंय आता? पॅकिंगची रील टाक. बोलायचं नाही, गाणं नाही, नुसते आवाज.’

बोलायचं नाही ही अट वाचूनच काही वाचक हे पान उलटतील. उरलेल्यांनी पुढे यावं.

या प्रकाराला जगभर एएसएमआर म्हणतात. हे लांबलचक नाव जेनिफर अ‍ॅलन या अमेरिकन बाईंनी २०१० मध्ये रूढ केलं. कागदाची चुरचुर किंवा हलकी टकटक ऐकून काही जणांच्या टाळूपासून मानेपर्यंत गोड शहारा जातो. सगळ्यांना जात नाही. काहींना तर असल्या आवाजांनी अंगाचा तिळपापड होतो. तुमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं निघतील आणि दुसऱ्या प्रकारचं माणूस बहुधा शूटिंगच्या खोलीतच बसलेलं असेल.

पायरी पहिली: पात्रनिवड

फराळाच्या ताटातला प्रत्येक पदार्थ चविष्ट असला तरी प्रत्येकाला आवाज असतोच असं नाही. तेव्हा आधी ऑडिशन घ्या. एक स्टीलचं ताट, एक काचेची बरणी आणि कान एवढंच लागतं.

शंकरपाळे पहिल्या फेरीतच पास होतात. बरणीत ओतताना पहिले आठ-दहा काचेच्या तळावर पडून टणटणतात, पुढचे आपल्याच भावंडांवर पडतात आणि आवाज जाडसर, बसका होत जातो. बरणी भरत चालली आहे हे डोळे मिटूनही कळतं. आवाजाला अशी सुरुवात, मध्य आणि शेवट असला की तो ऐकावासा वाटतो. पातळ पोह्यांचा चिवडा सळसळतो. त्यात दाणे आणि खोबऱ्याचे काप असतील तर मधूनच टपोरे ठोके पडतात. चकली ही नायिका. चकलीवर चकली ठेवली की कोरडा ‘टक्’ आणि मोडली की ‘कट्’.

बेसनाचा लाडू नापास. तो जिथे ठेवाल तिथे गुपचूप बसतो. अनारसा त्याहून अबोल. करंजीला आवाज आहे, पण तो करंजीच्या मृत्यूचा असतो. तरीही लाडवाला घरी पाठवू नका, पाचव्या पायरीत त्याच्याकडे महत्त्वाचं काम आहे.

चकलीबद्दल एक इशारा. तिचा आवाज हा तिच्या कोरडेपणाचा आवाज आहे. हवेतला दमटपणा तिने ओढून घेतला की ती तुटण्याआधी वाकते, आणि वाकणाऱ्या वस्तूला ‘कट्’ म्हणता येत नाही. मुंबई-कोकणातल्या हवेत उघड्या ताटात ठेवलेल्या चकल्या शूटिंगचं सामान मांडेपर्यंत सादळतात. म्हणून चकलीचा शॉट आधी उरका आणि तोवर डबा बंद ठेवा.

पायरी दुसरी: शांतता मिळवणे

या रीलसाठी लागणाऱ्या सामानात सगळ्यात दुर्मीळ काय असेल तर शांतता. ती दुकानात मिळत नाही आणि मराठी घरात तर मुळीच नाही.

पंखा बंद करा. तो चालू आहे हे तुम्हाला इतकी वर्षं ऐकूच आलेलं नाही, माइकला मात्र पहिल्या सेकंदाला ऐकू येतं. नंतर फ्रिज. त्याची मोटर मध्येच घरघरते, मध्येच थांबते, त्यामुळे निम्म्या शॉटांत घरघर येते आणि निम्म्यांत नाही. जोडल्यावर प्रत्येक कटला ठिगळ दिसतं, म्हणजे ऐकू येतं. शूटिंगपुरता फ्रिज बंद करा आणि स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ही थट्टा नाही. सिनेमासाठी प्रत्यक्ष जागेवर ध्वनिमुद्रण करणारे लोक हेच करतात. घराबाहेर पडताना किल्ली सापडत नाही, फ्रिज उघडावा लागतो आणि तो बंद असल्याची आठवण होते. दुधाचा आणि मोदकांच्या सारणाचा जीव वाचतो.

त्यानंतर खोली. स्वयंपाकघर दिसायला योग्य वाटतं, पण फरशा, टाइल्स आणि ग्रॅनाइटचा ओटा प्रत्येक आवाज परत फेकतात आणि ‘टक्’चा ‘टक्क्क’ होतो. कपड्यांचं कपाट, गादी आणि पडदे असलेली झोपायची खोली कितीतरी बरी. कपाटाची दारं उघडी ठेवा, समोरच्या दोरीवर दोन गोधड्या टाका, टेबलावर जाड चादर घालून तिच्यावर लाकडी पाट मांडा. खोली चांगली झाली की नाही हे बघायला एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट ऐकू आलं तर तिसरी गोधडी काढा.

मग वेळ. सकाळी नळाचं पाणी आणि कुकर. दहा ते बारा भंगारवाला, भाजीवाला आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल. दुपारी दोन ते चार ही जुनी, सिद्ध झालेली वेळ आहे. निम्मं गाव झोपलेलं असतं. फक्त घरातल्यांना आधी सांगून ठेवा. सांगितलं नाही तर काय होतं ते पाहा:

‘आई, दोन मिनिटं हं. रेकॉर्डिंग चालू आहे.’

‘मी काय बोलले? मी फक्त विचारलं, उद्याला वाल भिजत घालू का.’

‘घाला.’

‘किती घालू?’

टेक गेला. वाल दोन वाट्या.

सगळं शांत झालं की काहीच न करता तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. हा रिकामा तुकडा पुढे सोन्याच्या भावाचा ठरतो. दोन आवाजांच्या मधे पूर्ण शून्य ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं फोन बिघडला. तिथे तुमच्याच खोलीची शांतता पसरायची असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणून शेजारणीकडून उसनी आणून चालत नाही.

पायरी तिसरी: माइक आणि त्याचे रुसवे

नवशिके फोन स्टँडवर लावतात, चार फुटांवर उभा करतात आणि मग आवाज येत नाही म्हणून टेप अधिक जोरात ओढतात. आवाज लहान पडण्याचं कारण टेप नाही, अंतर आहे. माइकचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, पण खोलीचा गुणगुणाट तेवढाच राहतो. एका वितीवरून म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटरवरून घेतलेला आवाज चार फुटांवर नेला की अंतर साधारण अडीच वेळा दुप्पट होतं; तिथे वस्तूपेक्षा घरच मोठं ऐकू येतं.

उपाय सोपा आहे. चित्र एका फोनवर आणि आवाज दुसऱ्या फोनवर घ्या. आवाजाचा फोन वस्तूपासून एका वितीवर, फ्रेमच्या जरा बाहेर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टॉवेल नसेल तर टेबलावरची प्रत्येक थाप लाकडातून थेट फोनमध्ये शिरते आणि मऊ लाडू ठेवतानाही दार आपटल्यासारखा आवाज येतो. सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवा. पुढे दोन्ही रेकॉर्डिंगची गाठ त्या टाळीवर बसते.

आता फोनचा शहाणपणा. फोन बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं की समोर माणूस बोलतो आहे आणि बाकी सगळा कचरा आहे. म्हणून तो दोन कामं आपणहून करतो. शांतता पडली की माइक वाढवतो आणि मोठा आवाज आला की कमी करतो. मग दोन चकल्यांच्या मधल्या जागेत खोलीचा सूंऽऽ आवाज वर चढताना आणि ‘टक्’ला दचकून खाली पडताना ऐकू येतो. दुसरं म्हणजे तो सलग सळसळ पुसतो. चिवड्याची सळसळ, कागदाची चुरचुर त्याच्या लेखी गोंगाटच. चिवडा ओतताना आवाज मध्येच पाणचट, गुळगुळीत झाला तर समजा, फोनने तुमचा चिवडा साफ करून टाकला. साधा व्हॉइस रेकॉर्डर न वापरता असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या ज्यात गोंगाट-कपात बंद करता येते आणि आवाजाची पातळी हाताने बांधता येते.

पातळी बांधताना सगळ्यात मोठा आवाज आधी करून पाहा. स्टीलच्या डब्याचं झाकण लागतं तेव्हा काटा कमाल मर्यादेच्या ६ ते १० डेसिबल खाली राहायला हवा. काटा टोकाला टेकला तर आवाजाचा माथा छाटला जातो आणि ‘टक्’ऐवजी ‘फ्रट’ ऐकू येतं. हे नंतर कुठल्याही अ‍ॅपने नीट होत नाही. त्याच पातळीवर बटर पेपर मात्र जेमतेम कुजबुजेल. म्हणून झाकण दोन वितींवरून आणि कागद चार बोटांवरून, असे वेगवेगळे घ्या.

पायरी चौथी: आवाज आधी, चित्र मागाहून

इथे नवशिक्यांचा मोठा भ्रमनिरास होतो. रीलमधला टेपचा झकास ‘चर्र’ त्याच टेपचा, त्याच क्षणाचा असेल असं काही नाही. बहुतेक वेळा नसतोच.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बोलपट आले त्या १९२० च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फॉली नावाचे गृहस्थ पडद्यावरचं चित्र बघत पावलांचे, कपड्यांचे आवाज वेगळे करून जोडू लागले. आजही सिनेमातले असे आवाज करणाऱ्यांना फॉली आर्टिस्ट म्हणतात. तुम्ही फक्त त्यांचा दिवाळी अंक काढता आहात.

टेपचं उदाहरण घेऊ. रुंद तपकिरी टेप गुंडाळीवरून सुटताना सरळ सुटत नाही. डिंक धरून ठेवतो, ताण वाढतो, झटक्यात थोडा सुटतो, पुन्हा धरतो. हे झटके एकामागोमाग इतके पटापट होतात की त्यांचा ‘चर्र’ होतो. ओढण्याचा वेग बदलला की हे चक्र बदलतं आणि आवाजाचा पोतही बदलतो. म्हणून चित्रातला हात जेवढा वेळ टेप ओढतो तेवढाच वेळ, तेवढ्याच वेगाने, माइकजवळ दुसऱ्यांदा टेप ओढा. चित्रात हात थांबतो आणि आवाज पुढे चालू राहतो अशी रील लाखोंनी बघितली तर ती टेपसाठी नव्हे, हसण्यासाठी.

चकलीच्या ‘कट्’साठी भाजलेला उडदाचा पापड माइकजवळ मोडून पाहा. चित्र चकलीचं असलं की कान तिलाच श्रेय देतो. हा विश्वास किती सहज बसतो हे ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मास्सिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये दाखवलं. बटाट्याचे वेफर्स खाणाऱ्यांना हेडफोनवर त्यांच्याच चावण्याचा आवाज ऐकवला आणि त्यातला २००० हर्ट्झच्या वरचा भाग वाढवला, तर तेच वेफर्स लोकांना जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटले. या कामाला २००८ मध्ये इग नोबेल मिळालं. तुमच्यापुरता धडा असा की एडिटिंग अ‍ॅपमधल्या इक्वलायझरवर त्याच भागाला तीन-चार डेसिबल चढवा. दहा चढवले तर चकली कुरकुरीत न वाटता काच चावल्यासारखी वाटेल. खालच्या टोकाला १०० हर्ट्झच्या आसपास कात्री लावा. चकलीला तिथे काही सांगायचं नसतं, तिथे रस्त्यावरचे ट्रक आणि लिफ्ट राहतात.

पायरी पाचवी: तीस सेकंदांचा हिशेब

आता प्रत्यक्ष कृती. एक किलो फराळाचा खोका, तीस सेकंद, उभी फ्रेम, सेकंदाला ३० चित्रं. म्हणजे एकूण ९०० फ्रेम.

शून्याव्या सेकंदाला सपाट पुठ्ठ्याचा खोका ‘फट्’ करून उघडा. सुरुवातीला नमस्कार, पणती, रांगोळी काही नाही. बघणाऱ्याचा अंगठा तिथेच असतो आणि तो पणतीला थांबत नाही. दीड ते चार सेकंद तळाला टेप. चार ते सात सेकंद तळाशी चुरगळलेला कागद. पहिले तीन आवाज असे एक आखूड, एक लांब, एक मऊ झाले. कानाला कळलं की इथे काहीतरी क्रमाने चाललं आहे.

सात ते बारा सेकंद शंकरपाळे बरणीत. हा सगळ्यात लांब आवाज, त्याला मध्ये कापू नका. बारा ते तेरा सेकंद झाकण, एकच ‘टक्’.

तेराव्या सेकंदाला चकल्या. सहा चकल्या एकावर एक ठेवायच्या आहेत. पहिल्या चार दर २४ फ्रेमला, म्हणजे ०.८ सेकंदाच्या तालावर. चौथीनंतर ऐकणाऱ्याचा कान पाचवीची वाट त्याच जागी बघतो. ती तिथे देऊ नका. पाचवी ३६ फ्रेमनंतर ठेवा आणि सहावी पुन्हा २४ वर. ही बारा फ्रेमची उधारी म्हणजे सगळ्या रीलमधली मेख आहे. सहाच्या सहा एका मापाने ठेवल्या तर ते मशीन वाटतं, आणि सहाही मनाला येतील तशा ठेवल्या तर गडबड वाटते.

अठरा ते एकवीस सेकंद लाडू. त्याला आवाज नाही म्हणूनच त्याला इथे आणलं. तीन सेकंद काहीच होत नाही. दोन बोटांत धरलेला लाडू कागदी वाटीत बसतो, आणि त्यामुळे पुढच्या बटर पेपरची घडी खूप मोठी ऐकू येते. सगळाच गलका केला तर त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. एकवीस ते चोवीस घडी, चोवीस ते अठ्ठावीस वरचा टेप, शेवटी खोक्यावर तळहाताच्या दोन थापा. दुसरी थाप संपते तिथे पहिला ‘फट्’ लागला की रील आपोआप पुन्हा सुरू होते आणि बघणाऱ्याला शेवट सापडत नाही.

जुळवणीबद्दल एक नियम पाठ करा. आवाज चित्राच्या आधी आलेला माणसाला फार लवकर खटकतो, नंतर आलेला बराच वेळ खटकत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत हे अंतर साधारण असं आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर जाणवतो, उशिरा आला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. कारण उघड आहे. वीज चमकल्यावरच गडगडाट येतो, उलटं कधी होत नाही. एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. दोन फ्रेम आधी गेलात की पकडलेच. शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे ठेवा.

अक्षरं दोनदाच. सातव्या सेकंदाला ‘फराळ, १ किलो’ आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला ‘डोंबिवली ते डेट्रॉइट’. तीही फ्रेमच्या मधल्या पट्ट्यात, कारण खाली अ‍ॅपचा मजकूर बसतो आणि उजवीकडे हृदय-बदामाची बटणं. ‘शुद्ध तुपातील, आजीच्या हातची, प्रेमाने बनवलेली’ हे वाक्य लिहायचा मोह होईल. लाडवाला जसं गप्प बसवलं तसं त्याला बसवा. अक्षरं वाचायला लागलेला माणूस ऐकणं सोडतो.

पायरी सहावी: तपासणी

झालेली रील आधी फोनच्या स्पीकरवर ऐका, मग इअरफोनवर. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे घोगरे आवाज पेलत नाहीत. तळहाताची थाप तिथे जवळपास नाहीशी होते, इअरफोनवर मात्र छातीवर बसते. दोन्हीकडे ऐकू यावी म्हणून थापेसोबत पुठ्ठ्याचा हलका ‘टप्’ वेगळा जोडा. मग आवाज पूर्ण बंद करून बघा. बस-लोकलमध्ये, ऑफिसात पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच बघतात. त्यांना बरणी भरताना, पाचव्या चकलीचा हात थबकताना दिसला पाहिजे. आवाज बंद करून रील कंटाळवाणी झाली तर चूक कटात आहे, आवाजात नाही.

शेवटी घरातल्या त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला दाखवा. ‘हे काय, नुसता आवाज!’ असं ते चिडून म्हणालं तर काम जमलं. ‘यात काय आहे?’ असं म्हणालं तर पुन्हा करा.

पायरी सातवी: आता खरा खोका भरा

वरच्या सगळ्या पायऱ्या पाळून केलेला खोका डेट्रॉइटला पाठवू नका. ही सूचना तळटिपेत टाकण्यासारखी नाही, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

रीलमध्ये जे ऐकायला छान वाटलं, ते सगळं वस्तू सैल असल्यामुळे वाजलं. शंकरपाळ्यांची बरणी तीन-चतुर्थांश भरली होती म्हणून ती खडखडली. चकलीवर चकली मोकळी होती म्हणून ‘टक्’ झालं. प्रवासात हाच मोकळेपणा चकलीच्या जिवावर उठतो. कुरिअरवाल्याच्या पोत्यात, गोदामातल्या पट्ट्यावर, विमानाच्या पोटात तो ‘टक्’ हजार वेळा होतो, आणि डेट्रॉइटच्या भाच्याला चकलीऐवजी भाजणीचा भुगा मिळतो. तो मामाला फोन करून ‘मस्त होत्या’ असंच सांगतो, हा भाग वेगळा. पैसे देणारं गिऱ्हाईक तसं सांगत नाही.

म्हणून शूटिंग संपल्यावर तोच खोका उघडून पुन्हा भरा. चकल्या कडक डब्यात, कडेने उभ्या लावून; प्रत्येक दोन-तीन चकल्यांमध्ये बटर पेपर आणि वर उरलेल्या जागेत चुरगळलेला कागद. शंकरपाळ्यांची बरणी काठोकाठ. काच रीलपुरतीच, प्रवासाला प्लॅस्टिकची बरणी. लाडू कागदी वाट्यांत आणि वाट्या एकमेकींना टेकलेल्या. बाहेरचा खोका जाड, पाच थरांच्या पुठ्ठ्याचा. डबे आणि खोक्याची भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंना दोन बोटं जागा आणि ती पूर्ण भरलेली. टेप मधल्या फटीवर एक आणि दोन्ही बाजूच्या कडांवर एकेक, वर आणि खाली दोन्हीकडे. रीलमध्ये तुम्ही वर आणि खाली मधली एकेकच पट्टी लावली, कारण सहा वेळा ‘चर्र’ कोणी ऐकून घेत नाही. खोक्याला मात्र सहाही हव्या असतात.

आता बंद खोका दोन्ही हातांत घेऊन कानाजवळ हलवा. रीलसाठी तुम्ही आवाजाच्या मागे धावलात, इथे आवाज हा दोष आहे. जरासुद्धा खडखड आली तर खोका उघडा, कागद वाढवा, पुन्हा हलवा. काहीच वाजलं नाही तर पत्ता लिहा आणि पाठवा. रील बघून पहिली ऑर्डर येईल. दुसरी येते ती चकली अख्खी पोहोचली तरच.